उलटीचा निरोप आणि त्याची वाट अडविणारे औषध



सिसप्लॅटिन या औषधास १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. प्लॅटिनम धातूचे हे एक साधे संयुग आहे. परंतु त्याने वृषणाच्या कर्करोगाचा इतिहास बदलून टाकला. ज्या तरुणांच्या फुप्फुसांपर्यंत रोग पसरला होता, त्यांतील बहुसंख्य रुग्णही या औषधाच्या साहाय्याने बरे होऊ लागले. मात्र या गुणाची किंमत फार मोठी होती. औषध शिरेतून दिल्यावर एक-दोन तासांत रुग्णास उलट्या सुरू होत, आणि पहिल्या चोवीस तासांत दहा-बारा उलट्या होणे हा अपवाद नव्हता, नियम होता. पोटात काही उरले नाही तरी कोरड्या ओकाऱ्या चालूच राहत. प्रतिबंधक औषध दिले नाही तर शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्णांना सिसप्लॅटिनमुळे उलटी होते, आणि म्हणून कर्करोगावरील औषधांच्या यादीत, उलटीच्या बाबतीत, त्याचे नाव आजही सर्वांत वरच्या वर्गात असते. त्या काळात काही रुग्ण दोन फेऱ्यांनंतर तिसरीसाठी येतच नसत. बरा होण्याजोगा रोग केवळ उलटीच्या धास्तीने हातचा जावा, अशी ती स्थिती होती.

ही स्थिती पालटविणाऱ्या औषधाचे नाव ओंडॅन्सेट्रॉन. आज ते गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळते, आणि ज्वरात मुलाला उलटी झाली तरी दिले जाते. त्यामुळे ते कोणत्याही उलटीवरील औषध आहे असा समज पसरला आहे. वस्तुतः त्याचे काम फार नेमके आहे. शरीरातील असंख्य निरोपांपैकी केवळ एका निरोपाची वाट ते अडविते. तो निरोप कोणता आणि तो कोठून निघतो, हे कळल्यावर त्याचा गुण जसा उलगडतो, तशीच त्याची मर्यादाही.

प्रथम उलटीच्या स्वरूपाकडे पाहावयास हवे. उलटी ही जठराची क्रिया आहे असे वाटते. पण जठर त्यात बरेचसे निष्क्रिय असते. पोटाचे स्नायू आणि श्वासपटल एकदम आकुंचन पावतात, अन्ननलिकेचे द्वार सैल पडते, श्वास रोखला जातो, स्वरयंत्राचे झाकण मिटते, लाळ सुटते आणि त्वचा पांढरी पडते. इतक्या अवयवांना एका तालावर चालविणारा कोणी सूत्रधार असलाच पाहिजे. तो मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याला लागून असलेल्या लंबमज्जा या भागात असतो. त्याच्या जवळच, मेंदूतील चौथ्या पोकळीच्या तळाशी, पेशींचा एक चिमुकला पट्टा आहे. त्याला एरिया पोस्ट्रेमा म्हणतात. मेंदूच्या इतर भागांतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात आणि रक्तातील अनेक द्रव्यांना त्या आत येऊ देत नाहीत. या पट्ट्याच्या ठिकाणी मात्र तो अडसर नाही. रक्तात विष मिसळले तर ते येथे लगेच ओळखले जाते.

१९५०च्या सुमारास बोरिसन आणि वँग या शास्त्रज्ञांनी मांजरांवर व कुत्र्यांवर प्रयोग करून या पट्ट्याचे महत्त्व दाखवून दिले. तेव्हापासून सर्वांची समजूत अशी झाली की, कर्करोगावरील औषध रक्तातून या पट्ट्यापर्यंत पोचते, तेथील डोपामीन नावाच्या द्रव्याचे ग्राही उद्दीपित होतात आणि उलटी होते. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील असे प्रथिन की, ज्याच्या विशिष्ट खाचेत एखादे विशिष्ट द्रव्य बसले म्हणजेच पेशी प्रतिसाद देते. डॉक्टरमंडळी त्याला रिसेप्टर म्हणतात. मग डोपामीनचे ग्राही अडविणारी औषधे देऊन उलटी थांबावयास हवी होती. अशी औषधे पुष्कळ होती. सिसप्लॅटिनपुढे त्यांचा निभाव लागला नाही.

अपवाद फक्त एका औषधाचा. मेटोक्लोप्रमाइड हे जुने, परिचित औषध, डोपामीनचे मध्यम प्रतीचे रोधक. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात रिचर्ड ग्राला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास २ मिलिग्रॅम या हिशेबाने, पुनःपुन्हा शिरेतून दिले. सिसप्लॅटिनच्या उलट्या लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. ही गोष्ट १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर ही पद्धत सुरू झाली. परंतु तिलाही खोट होती. डोपामीन अडविल्याने कित्येकांची, विशेषतः तरुणांची, मान वा जबडा वाकडा होऊन आखडे. काहींना एका जागी बसवत नसे.

यात एक कोडे होते, आणि ते ज्यांना खुपले त्यांच्यामुळेच पुढची वाट सापडली. डोपामीन अडविण्यात मेटोक्लोप्रमाइडपेक्षा कितीतरी प्रबळ औषधे उपलब्ध असता ती निष्प्रभ ठरत होती, आणि हे मध्यम प्रतीचे औषध, तेही प्रचंड मात्रेतच, गुण देत होते. याचा अर्थ असा की, गुण डोपामीन अडविण्याने येत नव्हता. मोठ्या मात्रेत हे औषध आणखी कशाला तरी, दुबळेपणाने का होईना, अडवीत असले पाहिजे.

ते 'आणखी काही' औषधशास्त्राच्या जुन्या वहीत नोंदलेले होते. १९५७ साली एडिंबरो येथे जॉन गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट द्रावात टांगून त्यावर सेरोटोनिन सोडले. आतडे आकुंचन पावले. डायबेंझिलीन नावाचे द्रव्य दिले असता या आकुंचनाचा काही भाग नाहीसा होई. उरलेला भाग मॉर्फीनने नाहीसा होई. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, सेरोटोनिनचे ग्राही दोन प्रकारचे आहेत. एकास त्यांनी 'डी' म्हटले, दुसऱ्यास 'एम'. स्नायूंवर असतो तो 'डी', आणि आतड्यातील मज्जातंतूंवर असतो तो 'एम'. पुढे या ग्राहींचे नवे वर्गीकरण झाले, त्यात 'एम' ग्राहीला सेरोटोनिनचा तिसरा ग्राही असे नाव मिळाले. मेटोक्लोप्रमाइड मोठ्या मात्रेत ज्याला दुबळेपणाने अडविते, तो हाच तिसरा ग्राही.

मग या एकाच ग्राहीला, आणि त्यालाच, प्रबळपणे अडविणारे द्रव्य दिले तर? १९८६ साली ब्रिटनमधील बीचॅम कंपनीच्या प्रयोगशाळेत मायनर आणि सँगर यांनी हे करून पाहिले. प्रयोगासाठी त्यांनी फेरेट हा प्राणी घेतला. पाणमांजराच्या कुळातला हा लांबुडका प्राणी येथे मुद्दाम निवडावा लागतो, कारण प्रयोगशाळेत एरवी सर्रास वापरले जाणारे उंदीर आणि घुशीसारखे पांढरे रॅट यांना उलटीच होत नाही. निसर्गाने त्यांना ती सोयच दिलेली नाही. फेरेटला सिसप्लॅटिन दिले की तो माणसासारखा ओकतो. तिसऱ्या ग्राहीचे रोधक दिलेल्या फेरेटांच्या उलट्या थांबल्या. त्याच सुमारास ब्रॅडफर्ड येथील संशोधकांनाही दुसऱ्या एका रोधकाने तोच अनुभव आला. ब्रिटनमधील ग्लॅक्सो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी याच ग्राहीसाठी एक द्रव्य आधीच तयार केले होते. तेच ओंडॅन्सेट्रॉन. १९९१च्या जानेवारीत अमेरिकेनेही त्याला मान्यता दिली.

आता आतड्याच्या आत काय घडते ते क्रमाने पाहू. सेरोटोनिन म्हटले की पुष्कळांना मन आणि मेंदू आठवतो. परंतु शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. आतड्याच्या अस्तरात, शोषण करणाऱ्या पेशींच्या दाटीत मधूनमधून, एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्या पोटात सेरोटोनिनने भरलेले सूक्ष्म कण असतात. पहारेकऱ्यासारखे त्यांचे काम चालते. आतड्यात काय आले आहे, ते कितपत ताणलेले आहे, काही विषारी आहे काय, हे त्या जोखतात आणि त्यानुसार थोडेथोडे सेरोटोनिन बाहेर सोडतात. अस्तराच्या मागल्या बाजूस, या पेशींच्या अगदी निकट, प्राणेशा मज्जातंतूची टोके येऊन थबकलेली असतात. प्राणेशा म्हणजे इंग्रजीतील व्हेगस. हा मज्जातंतू मेंदूच्या तळापासून निघून छातीतून पोटापर्यंत उतरतो. मेंदूचे हुकूम तो खाली आणतो ही त्याची प्रसिद्धी. पण त्यातील बहुसंख्य धागे पोटाची खबर वर नेणारे असतात.

या टोकांवर सेरोटोनिनचा तिसरा ग्राही बसविलेला असतो. सेरोटोनिनचे इतर सगळे ग्राही पेशीच्या आत रासायनिक क्रियांची एक साखळी सुरू करतात आणि त्यात वेळ जातो. हा एकटाच वेगळ्या जातीचा आहे. पाच तुकडे वर्तुळाकार उभे करून मध्ये एक नळी राखावी, अशी त्याची रचना असते. तुकड्यांच्या सांध्यांतील खाचांमध्ये सेरोटोनिन बसले की काही सहस्रांश सेकंदांत ती नळी उघडते, सोडियमचे विद्युद्भारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूत विजेचा स्पंद उठतो. निरोप निघाला. तो लंबमज्जेत, प्राणेशाचे धागे जेथे संपतात त्या केंद्रात, क्षणात पोचतो.

सिसप्लॅटिन शिरेतून दिलेले असले तरी रक्तावाटे ते आतड्याच्या अस्तरापर्यंत जातेच. वेगाने वाढणाऱ्या पेशींना ते दुखविते आणि आतड्याचे अस्तर हे शरीरातील अत्यंत वेगाने नवे होणारे अस्तर आहे. त्या आघाताने एंटेरोक्रोमाफिन पेशी आपला साठा थोडाथोडा न सोडता एकदम मोकळा करतात. प्राणेशाची टोके त्यात न्हाऊन निघतात. वरच्या केंद्राला जो निरोप मिळतो तो 'जेवण आले' असा राहत नाही. 'विष आले, बाहेर टाका' असा होतो. शरीराची ही युक्ती विषारी फळ खाल्लेल्या प्राण्यासाठी फार उपयोगाची आहे. शिरेतून आलेल्या विषाच्या बाबतीत ती व्यर्थ आहे, कारण जठर रिकामे करून ते बाहेर पडत नाही. परंतु आतड्यातील पहारेकऱ्याला तो भेद कळत नाही.

ओंडॅन्सेट्रॉन नेमके काय करते? गर्दीच्या एस. टी. गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते. रुमाल प्रवास करीत नाही. पण तो तेथे आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. ओंडॅन्सेट्रॉन त्या सांध्यातील खाचेत असेच बसते. नळी मात्र उघडत नाही. शिवाय या खाचेला ते सेरोटोनिनपेक्षा कितीतरी अधिक घट्ट धरते, त्यामुळे भोवती सेरोटोनिनचा पूर आला तरी ते सहजी उखडले जात नाही.

ही केवळ कल्पना नाही. १९९० साली व्हेनेझुएलातील क्युबेद्दू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर ती ताडून पाहिली. सेरोटोनिन शरीरात मोडले की त्याचा अवशेष मूत्रातून बाहेर पडतो आणि तो मोजता येतो. सिसप्लॅटिन घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रात पहिल्या काही तासांत हा अवशेष वाढला, आणि ज्या तासांत तो वाढला त्याच तासांत उलट्यांचाही जोर होता. ओंडॅन्सेट्रॉन दिलेल्या रुग्णांतही अवशेष वाढलाच. उलट्या मात्र फारच थोड्या झाल्या. या प्रयोगाचे मर्म येथे आहे. औषधाने सेरोटोनिनचा पूर थांबविला नव्हता, अस्तराची इजाही टाळली नव्हती. हाक तशीच उठत होती. ती ऐकणारे कान तेवढे झाकले गेले होते.

हे कान दोन ठिकाणी आहेत. आतड्यातील टोकांवर तिसरा ग्राही आहे, तसाच तो लंबमज्जेतही आहे. प्राणेशाचे धागे जेथे संपतात तेथे आणि एरिया पोस्ट्रेमाच्या परिसरात त्याची दाटी मेंदूतील इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक आहे. विशेष असे की, तेथील बरेचसे ग्राही प्राणेशाच्याच वरच्या टोकांवर असतात. म्हणजे एकाच धाग्याची दोन्ही टोके. फेरेटांमध्ये ओंडॅन्सेट्रॉनची अत्यल्प मात्रा थेट एरिया पोस्ट्रेमाच्या जागी टोचली तरी सिसप्लॅटिनची उलटी दबते. दुसरीकडे, पोटातील प्राणेशा आणि तिच्या जोडीचे मज्जातंतू आधीच कापून टाकले तरीही ती दबते. तेव्हा आतड्यातील सेरोटोनिन रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊन उलटी घडविते असे मानण्याचे कारण उरत नाही. रक्तात आलेले बहुतेक सेरोटोनिन रक्तबिंबिका वाटेतच टिपून घेतात. निरोप तंतूवाटेच जातो. खालच्या टोकाशी तो उचलला जाऊ नये आणि वरच्या टोकाशी तो पुढे दिला जाऊ नये, अशी दुहेरी तजवीज औषध करते. यांतील खालच्या टोकाचा वाटा मोठा असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

उलट पुरावाही तितकाच बोलका आहे. ॲपोमॉर्फीन या द्रव्याने एरिया पोस्ट्रेमातील डोपामीनचे ग्राही चेतवून उलटी घडविली तर ओंडॅन्सेट्रॉन ती थांबवीत नाही. घाटातील वळणांनी बस लागते, तेव्हाही ते निरुपयोगी ठरते. कारण तो निरोप कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून निघतो आणि त्याची रासायनिक भाषा हिस्टामीन व ॲसिटिलकोलीन यांची असते. सूत्रधार एकच, पण त्याच्याकडे येणारे रस्ते निरनिराळे.

हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी कसे उतरते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेला, पंचेचाळीस वर्षांचा एक ट्रकचालक आहे. आपल्या देशात असे रुग्ण दुर्दैवाने विपुल आहेत. त्याला क्ष-किरणोपचारासोबत दर तीन आठवड्यांनी सिसप्लॅटिन द्यावयाचे आहे; शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागास १०० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या १.६ चौरस मीटरला १६० मिलिग्रॅम. सकाळी त्याला सलाइन लावले जाते, कारण हे औषध मूत्रपिंडांना इजा करते. सिसप्लॅटिन दहा वाजता सुरू होणार असेल तर साडेनऊच्या सुमारास ओंडॅन्सेट्रॉन शिरेतून हळूहळू दिले जाते. गोळी द्यावयाची तर तिला पोटातून रक्तात उतरण्यास वेळ लागतो, म्हणून ती त्याआधीच देतात. सोबत डेक्सामेथासोन असते. ही वेळ पाळणे महत्त्वाचे आहे. रुमाल गाडी भरण्यापूर्वी टाकावयाचा असतो. निरोपांचा भडिमार एकदा सुरू होऊन सूत्रधार जागा झाला, म्हणजे मागाहून दिलेल्या औषधाचा प्रभाव बराच ओसरतो.

दुपार होते. ज्या वेळी १९७८च्या रुग्णाने खाटेखालचे भांडे हाती घेतले असते, त्या वेळी हा रुग्ण पडून आहे; त्याला थोडीशी मळमळ आहे. संध्याकाळी तो पेज घेतो. फ्रान्समध्ये झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, पहिल्या चोवीस तासांत उलट्या दोन किंवा त्याहून कमी राहण्याचे प्रमाण ओंडॅन्सेट्रॉन घेणाऱ्यांत चारांपैकी तीन होते आणि मोठ्या मात्रेतील मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्यांत पाचांपैकी सुमारे दोन. शिवाय कोणाची मान आखडत नव्हती. डेक्सामेथासोनची जोड दिल्यावर हे प्रमाण आणखी सुधारले.

दुसऱ्या दिवशी रुग्ण ओंडॅन्सेट्रॉनच्या गोळ्या खिशात घालून घरी जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू होतात. घरची मंडळी सांगितल्याप्रमाणे गोळी देतात, मग आणखी एक देतात. उलटी थांबत नाही. औषध बनावट तर नाही, अशी शंका कोणी बोलून दाखवितो.

औषध खरे आहे. शत्रू बदललेला आहे. सिसप्लॅटिनच्या उलटीला दोन लाटा असतात. पहिली काही तासांत उठते आणि चोवीस तासांत ओसरते, ती सेरोटोनिनची. दुसरी हळूहळू वर येते आणि साधारणतः अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान शिगेला पोचते. मूत्रातील सेरोटोनिनचा अवशेष तोवर खाली उतरलेला असतो. ही लाट मुख्यतः 'पी' द्रव्य नावाच्या एका लहान प्रथिनाच्या बळावर चालते. ते लंबमज्जेतच स्वतःच्या वेगळ्या ग्राहींवर बसते, आणि त्या जागांवर ओंडॅन्सेट्रॉनचा रुमाल पडत नाही. योगायोग असा की, हे 'पी' द्रव्यही प्रथम हाती लागले ते १९३१ साली, ऑयलर आणि तोच जॉन गॅडम यांच्या. दोन लाटांच्या दोन्ही किल्ल्यांजवळून एकच माणूस गेला. उलटीचा विचार मात्र त्याच्या मनात नव्हता. 'पी' द्रव्याचा ग्राही अडविणारे पहिले औषध, ॲप्रेपिटंट, २००३ साली वापरात आले. म्हणून आज अशा रुग्णास पहिल्या दिवसापासूनच ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि बहुधा ओलान्झॅपीन यांची जोड दिली जाते, आणि ओंडॅन्सेट्रॉन सोडून बाकीची दुसऱ्या लाटेचे दिवस सरेपर्यंत चालू ठेवतात. ओलान्झॅपीन हे मूळचे मानसिक विकारांवरील औषध; ते एकाच वेळी अनेक प्रकारचे ग्राही अडविते, पण गुंगी आणते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील एका चाचणीत, जी २०२४ साली प्रसिद्ध झाली, त्याची १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम मात्रा उलटी रोखण्यात उणी ठरली नाही आणि तिने गुंगीही कमी आली.

तिसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टर या ट्रकचालकाच्या पत्नीला पहिला प्रश्न विचारतात तो उलटी केव्हा सुरू झाली हा. दुसरा प्रश्न तिला काहीसा असंबद्ध वाटतो: "शौचास शेवटचे केव्हा झाले?" झालेले नसते, तीन दिवस. आतड्यातील तिसरा ग्राही केवळ धोक्याचे निरोप नेत नाही. अन्न पुढे सरकविण्याच्या रोजच्या हालचालीतही त्याचा हात असतो, आणि रुमाल त्या जागांवरही पडतो. परिणामी मलावरोध होतो. डोकेदुखीच्या बरोबरीने हा या औषधाचा सर्वांत सामान्य उपद्रव होय. पोट फुगले की त्यानेही मळमळ वाढते. अशा वेळी आणखी ओंडॅन्सेट्रॉन देणे म्हणजे दुसऱ्या लाटेवर गुण न मिळविता पोट आणखी बांधणे. त्याला गरज असते ती रेचकाची, पाण्याची आणि 'पी' द्रव्याच्या मार्गावरील औषधाची.

तिसरा प्रश्न लघवी किती होते हा असतो, आणि लगेच रक्ततपासणीस येण्याची सूचना असते. येथे खरा धोका दडलेला आहे. सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंडे मॅग्नेशियम धरून ठेवू शकत नाहीत. ते मूत्रावाटे वाहून जाते, आणि उलट्यांमुळे पोटॅशियमही उतरते. ओंडॅन्सेट्रॉन आपल्या परीने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर विद्युत्स्थिती पूर्ववत होण्याचा काळ किंचित लांबविते. एरवी हा बदल निरुपद्रवी असतो. मॅग्नेशियम व पोटॅशियम घटलेले असता मात्र त्यातून हृदयाची लय बिघडू शकते. एके काळी शिरेतून ३२ मिलिग्रॅमची एकच मोठी मात्रा देण्याची रीत होती. याच कारणास्तव अमेरिकेत २०१२ साली ती बंद करण्यात आली, आणि शिरेतून एका वेळी १६ मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये असे ठरले. 'गुण आला नाही, तर दुप्पट द्या' हा न्याय येथे चालत नाही. जागा एकदा धरल्या गेल्या, की आणखी रुमालांना त्या नसतात आणि उरलेले औषध केवळ हृदयाकडे जाते.

आणखी एक प्रकारची उलटी आहे, जिच्यापुढे हे सर्व रोधक हतबल होतात. पहिल्या फेरीत ज्याचे हाल झाले, त्याला पुढच्या खेपेस रुग्णालयाचे फाटक दिसताच किंवा स्पिरिटचा वास येताच, औषधाचा थेंबही अंगात गेलेला नसता, उलटी होते. तो निरोप आतड्यातून येत नाही, स्मृतीतून येतो. एकदा मनात रुजल्यावर ही उलटी घालविणे अवघड असते, म्हणून डॉक्टर पहिल्याच फेरीत सर्व औषधे पूर्णपणे देण्याचा आग्रह धरतात. पहिल्या खेपेस थोडे देऊन पाहू आणि लागले तर वाढवू, ही काटकसर महाग पडते.

ट्रकचालकाची रक्ततपासणी होते. मॅग्नेशियम कमी निघते आणि ते शिरेतून भरून दिले जाते. चौथ्या दिवशी रात्री पोट मोकळे होते, उलटी थांबते. त्याच्या कागदावर दुसऱ्या फेरीसाठी चार ओळी लिहिल्या जातात: ओंडॅन्सेट्रॉन फक्त पहिल्या दिवशी; ॲप्रेपिटंट तीन दिवस; ओलान्झॅपीन व डेक्सामेथासोन चार दिवस; रेचक पहिल्या रात्रीपासून.